अनेक शाखांच्या अल्केनचं नाव: साखळी कशी निवडायची, क्रमांक कुठून द्यायचे

प्रश्न: सर, आम्हाला शिकवलंय की शाखांच्या क्रमांकांची बेरीज कमीत कमी आली पाहिजे. मग २,७,८-ट्रायमिथिलडेकेन बरोबर आणि ३,४,९-ट्रायमिथिलडेकेन चूक, असं कसं? १६ तर १७ पेक्षा कमी आहे. आणि एकाच रेणूत दहा-दहा कार्बनच्या दोन साखळ्या सापडल्या तर कोणती धरायची?

उत्तर:

बेरीज विसरून जा. आययूपीएसीच्या नियमांत क्रमांकांची बेरीज कुठेच येत नाही. तिथे सांगितलेलं असं आहे: साखळीला आधी एका टोकाकडून आणि मग दुसऱ्या टोकाकडून क्रमांक देऊन बघायचे. दोन्ही वेळी शाखांना मिळालेले क्रमांक चढत्या क्रमाने लिहायचे आणि त्या दोन ओळींतले आकडे डावीकडून एकेक करून ताडायचे. जिथे पहिल्यांदा फरक दिसेल तिथे ज्या ओळीत लहान आकडा आहे, ती ओळ घ्यायची. त्यापुढचे आकडे कितीही मोठे असले तरी त्यांचा विचार करायचा नाही. २,७,८ आणि ३,४,९ या ओळींत पहिल्याच जागी २ आणि ३ आहेत, म्हणजे निकाल तिथेच लागला. १९७९ च्या नियमावलीत हा नियम असाच आहे आणि २०१३ च्या शिफारशींनीही तो कायम ठेवला आहे.

तरीही बेरजेची सवय वर्गावर्गांत टिकून आहे, आणि ती का टिकली हे समजून घेतलंस तर ती कुठे दगा देते हेही आपोआप कळेल. साखळीत दहा कार्बन असतील तर एका टोकाकडून मोजलेला क्रमांक आणि दुसऱ्या टोकाकडून मोजलेला क्रमांक यांची बेरीज नेहमी ११ येते. आता समज, फक्त दोन शाखा आहेत, अ आणि ब या जागांवर, आणि अ हा लहान आकडा आहे. उलट्या बाजूने त्या ११−ब आणि ११−अ होतात. पहिल्या फरकाच्या नियमाने अ, ब ही ओळ जिंकायला अ हा ११−ब पेक्षा लहान हवा, म्हणजेच अ+ब हे ११ पेक्षा कमी हवं. बेरजेने जिंकायचं तर अ+ब हे २२−(अ+ब) पेक्षा कमी हवं, म्हणजे पुन्हा अ+ब हे ११ पेक्षा कमीच हवं. दोन्हींची अट एकच! साखळी कितीही लांब असली तरी शाखा एक किंवा दोन असतील तोवर बेरजेने चुकीचं उत्तर येऊच शकत नाही. पुस्तकातली सुरुवातीची बरीचशी उदाहरणं एक-दोन शाखांचीच असतात, त्यामुळे बेरीज बरोबर उत्तरं देत राहते आणि तिच्यावर विश्वास बसतो.

तिसरी शाखा आली की ही हमी संपते. एक शाखा एका टोकाच्या अगदी जवळ आणि बाकीच्या दुसऱ्या टोकाकडे दाटीने बसलेल्या, अशी रचना दिसली की सावध हो. २,७,८ मध्ये हेच झालंय. ७ आणि ८ वरच्या दोन शाखा दुसऱ्या टोकाकडून ४ आणि ३ होतात, म्हणून बेरीज तिकडे झुकते. पण सर्वांत आधी येणारी शाखा या टोकाकडून दुसऱ्या कार्बनवर आहे आणि त्या टोकाकडून तिसऱ्यावर, आणि नियमाला तेवढंच पुरेसं आहे.

आता तुझ्या दोन्ही शंका एकाच रेणूत येतील असं उदाहरण घेऊ. समज, प्रश्नपत्रिकेत ही रचना आली:

```
                   C2H5
                   |
CH3-CH-CH2-CH2-CH2-CH-CH-CH2-CH2-CH3
    |                 |
    CH3               CH-CH3
                      |
                      CH2-CH3
```

आडव्या ओळीत दहा कार्बन आहेत. बहुतेक मुलं हीच ओळ मुख्य साखळी धरतात आणि लगेच क्रमांक टाकायला लागतात. आडवी ओळ ही फक्त काढणाऱ्याची सोय असते. कागदावर साखळी वळली म्हणून ती तुटत नाही, आणि सरळ काढली म्हणून ती मुख्य ठरत नाही. म्हणून मी मुलांना एक पद्धत शिकवतो. ज्या कार्बनपासून शाखा निघते, तो एक फाटा समज. त्या फाट्यावर उभं राहून प्रत्येक दिशेला जास्तीत जास्त किती कार्बन जाता येतं ते मोज. त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन संख्या घे, त्यांची बेरीज कर आणि फाट्याचा स्वतःचा एक कार्बन मिळव. त्या फाट्यातून जाणारी सर्वांत लांब साखळी तेवढ्या कार्बनची असते.

वरच्या रचनेत आडव्या ओळीतल्या डावीकडून सातव्या कार्बनवर उभं राहा. डावीकडे सहा कार्बन आहेत. उजवीकडे तीन. खाली पाहिलंस तर CH, CH2, CH3 असे तीन. तिथून बाजूला फुटणारा CH3 धरला तर दोनच होतात, म्हणून तीन धरायचे. मोठ्या दोन संख्या ६ आणि ३, अधिक स्वतःचा एक, म्हणजे १०. इथे थांबून नीट बघ, कारण ३ हा आकडा दोनदा आला आहे. याचा अर्थ दहा कार्बनच्या साखळ्या दोन आहेत: एक उजवीकडे सरळ जाणारी, दुसरी खाली वळणारी. बाकीच्या फाट्यांवरूनही मोजून बघ, दहापेक्षा जास्त कुठेच येत नाही. (डावीकडच्या दुसऱ्या कार्बनवर एका बाजूला दोन सारखे CH3 आहेत. त्यातला कोणता साखळीत घेतला आणि कोणता शाखा म्हणून ठेवला, याने नावात फरक पडत नाही.)

लांबी सारखी असेल तर ज्या साखळीवर शाखा जास्त, ती मुख्य साखळी. तुझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर हेच. आता मोजू. उजवीकडे सरळ जाणारी साखळी घेतली तर तिच्यावर शाखा तीन: डावीकडचा मिथिल, वरचा इथिल, आणि खाली लटकणारा चार कार्बनचा गट, जो स्वतःच फाटा फुटलेला आहे. खाली वळणारी साखळी घेतली तर शाखा चार: डावीकडचा मिथिल, वरचा इथिल, उजवीकडे उरलेला सरळ प्रोपिल, आणि वळणानंतरच्या CH वरचा मिथिल. चार हे तीनपेक्षा जास्त, म्हणून खाली वळणारी साखळी घ्यायची. या नियमाचा फायदाही इथे दिसतो: शाखा जास्त झाल्या की त्या लहान आणि साध्या होतात. नाव मिथिल, इथिल, प्रोपिल एवढ्यावर भागतं आणि आत आणखी शाखा असलेला गट कंसात लिहावा लागत नाही.

साखळी ठरली की ती कागदावर पुन्हा सरळ लिहून काढ. हे टाळू नकोस. वाकड्या चित्रावरच क्रमांक टाकत गेलं की वळणावरचा एखादा कार्बन दोनदा मोजला जातो किंवा सुटतो, आणि ही चूक नंतर सापडत नाही.

```
CH3-CH(CH3)-CH2-CH2-CH2-CH(CH2CH3)-CH(CH2CH2CH3)-CH(CH3)-CH2-CH3
```

डावीकडून क्रमांक दिले तर मिथिल २ वर, इथिल ६ वर, प्रोपिल ७ वर आणि दुसरा मिथिल ८ वर. ओळ झाली २,६,७,८. उजवीकडून दिले तर प्रत्येक आकडा ११ मधून वजा होतो आणि ओळ होते ३,४,५,९. पहिल्या जागी २ आणि ३. डावीकडची ओळ जिंकली. बेरीज केली असतीस तर २३ विरुद्ध २१ आली असती आणि तू उलट्या बाजूने गेला असतास.

आणखी एक गोष्ट करून बघ. याच रेणूतला इथिल सहाव्यावरून पाचव्या कार्बनवर हलव. मग ओळी होतात २,५,७,८ आणि ३,४,६,९. दोन्हींची बेरीज २२. बेरजेच्या नियमाकडे इथे उत्तरच नाही, आणि क्रमांक मात्र कुठल्यातरी एका टोकाकडून द्यावेच लागणार. पहिल्या फरकाच्या नियमावर अशी वेळ येत नाही. दोन ओळी आकड्यागणिक तंतोतंत एकच असतील तरच तो थांबतो. नाव ठरवणारा नियम असाच हवा, म्हणून मी बेरजेला सोयीचा आडमार्ग म्हणूनही वर्गात जागा देत नाही.

क्रमांक ठरले, आता शाखांचा लिहिण्याचा क्रम. तो रोमन लिपीतल्या स्पेलिंगच्या वर्णक्रमाने लावायचा: इथिल ई ने सुरू होतो, मिथिल एम ने, प्रोपिल पी ने. मराठीत विचार करणाऱ्यांनी इथे थोडं जपायला हवं, कारण आपल्या वर्णमालेत प आधी येतो आणि म नंतर. डाय, ट्राय, टेट्रा हे उपसर्ग फक्त संख्या सांगतात, म्हणून साध्या शाखांच्या बाबतीत वर्णक्रम लावताना ते धरायचे नाहीत. डायमिथिलचं स्थान एम वरून ठरतं, डी वरून नाही. त्यामुळे इथिल पहिला, मग डायमिथिल, मग प्रोपिल:

६-इथिल-२,८-डायमिथिल-७-प्रोपिलडेकेन

दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम, आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये आडवी रेघ, आणि शेवटची शाखा मूळ नावाला जोडून. मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. दोन मिथिल आहेत म्हणून आकडेही दोन. एकाच कार्बनवर दोन मिथिल असतील तर तो आकडा दोनदा लिहायचा. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक ठरवताना ज्याला १०० मानलं जातं तो आयसोऑक्टेन म्हणजे २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन. त्याला २,४-ट्रायमिथिलपेंटेन लिहिलं तर तीन मिथिलांना दोनच जागा मिळतात आणि तिसरा कुठे आहे ते कळत नाही. उलट्या बाजूने त्याचे क्रमांक २,४,४ होतात. पहिल्या जागी दोन्हीकडे २, दुसऱ्या जागी २ आणि ४, म्हणून २,२,४ बरोबर.

वर्णक्रमाबद्दल एक गैरसमज मला सतत दिसतो. इथिल वर्णक्रमाने आधी येतो म्हणून त्याला लहान क्रमांकही मिळायला हवा, असं मुलांना वाटतं. तसं नाही. सहा कार्बनच्या साखळीवर एका बाजूने २ वर मिथिल आणि ४ वर इथिल असेल, तर दुसऱ्या बाजूने ३ वर इथिल आणि ५ वर मिथिल येतो. २,४ ही ओळ ३,५ पेक्षा लहान, म्हणून नाव ४-इथिल-२-मिथिलहेक्झेन. नावात इथिल पहिला लिहिला जातो, पण आकडा त्याच्या वाट्याला मोठाच येतो. क्रमांक देताना कोणत्या जागी कोणता गट आहे हे पाहायचंच नाही, फक्त आकड्यांची ओळ पाहायची. दोन्ही बाजूंच्या ओळी अगदी सारख्या आल्या, तरच वर्णक्रमाला विचारायचं. उदाहरणार्थ हेक्झेनवर शेजारच्या मधल्या दोन कार्बनवर इथिल आणि मिथिल असतील तर कुठूनही मोजलं तरी ३,४ येतं. मग वर्णक्रमात आधी येणाऱ्या इथिलला ३ मिळतो आणि नाव होतं ३-इथिल-४-मिथिलहेक्झेन.

आता उत्तर तपासण्याबद्दल. नावावरून रेणू पुन्हा काढून बघायचा, हा सल्ला सगळे देतात आणि तो चांगलाच आहे. त्याने गळलेले कार्बन सापडतात. आपल्या नावात डेकेनचे १०, इथिलचे २, दोन मिथिलांचे २ आणि प्रोपिलचे ३, मिळून १७ कार्बन. वरच्या चित्रातही १७ आहेत आणि रेणुसूत्र C17H36 जुळतं. पण साखळीची निवड किंवा क्रमांकांची दिशा चुकली असेल तर ही तपासणी ते दाखवू शकत नाही. ५-इथिल-३,९-डायमिथिल-४-प्रोपिलडेकेन या चुकीच्या नावावरून काढलास तरी हुबेहूब हाच रेणू मिळतो. आडवी ओळ मुख्य धरून ७-(ब्युटेन-२-इल)-६-इथिल-२-मिथिलडेकेन लिहिलंस तरी हाच मिळतो. परीक्षेत नेमकं हेच अडचणीचं ठरतं, कारण पर्यायांत अशी दोन-तीन नावं शेजारीशेजारी ठेवलेली असली की रेणू काढून पाहणाऱ्याला ती सगळीच बरोबर वाटतात. १८९२ साली जिनिव्हाला रसायनशास्त्रज्ञ नावांचे नियम करायला बसले, तेव्हा त्यांना सूची आणि कोशांत प्रत्येक संयुग एकाच नावाखाली सापडायला हवं होतं. रेणू ओळखता येणं तर हवंच, पण सगळ्यांनी त्याला एकच नाव देणंही हवं. साखळी आणि क्रमांकांचे हे नियम त्या दुसऱ्या गरजेसाठी आहेत, त्यामुळे त्यांची तपासणीही वेगळी करावी लागते.

दिशेची तपासणी सोपी आहे. मुख्य साखळीत जितके कार्बन आहेत त्यात एक मिळव, त्यातून नावातले सगळे आकडे एकेक करून वजा कर, आलेली ओळ चढत्या क्रमाने लाव आणि मूळ ओळीशी ताड. चित्र पुन्हा काढायची गरजही नाही.

साखळीच्या तपासणीसाठी प्रत्येक सरळ शाखेची लांबी बघ. शाखेत जितके कार्बन आहेत, निदान तितके कार्बन तिच्या दोन्ही बाजूंना मुख्य साखळीत उरले पाहिजेत. म्हणून मिथिल कधीच टोकाच्या कार्बनवर नसतो, इथिल टोकापासून दुसऱ्यावर नसतो आणि सरळ प्रोपिल टोकापासून तिसऱ्यावर नसतो. २-इथिलपेंटेन असं नाव दिसलं तर साखळी कमी मोजली गेली आहे हे लगेच समज. तो इथिलच साखळीचा भाग होता आणि खरं नाव ३-मिथिलहेक्झेन आहे.

एका बाजूला उरलेले कार्बन शाखेपेक्षा जास्त असतील तर तिकडे काळजी नाही. पण ते शाखेइतकेच असतील, तर सारख्या लांबीची दुसरी साखळी नक्की आहे आणि शाखा मोजून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपल्या रेणूत प्रोपिल उजव्या टोकाकडून चौथ्या कार्बनवर आहे. त्याच्या पलीकडे मुख्य साखळीचे तीन कार्बन उरतात आणि प्रोपिलमध्येही तीनच आहेत. म्हणजे नुसत्या नावावरूनही कळतं की इथे दोन साखळ्यांत निवड करावी लागली होती. अशा वेळी साखळीच्या उरलेल्या तुकड्यावर शाखा आहे का ते बघ. आपल्या उदाहरणात त्यावर ८ क्रमांकाचा मिथिल आहे आणि प्रोपिल सरळ आहे, म्हणून निवड बरोबर. शाखांची संख्याही दोन्हीकडे सारखी निघाली, तर ज्या साखळीवर शाखांचे क्रमांक लहान येतात ती घ्यायची, आणि ते लहान-मोठं ठरवायचं पुन्हा पहिल्या फरकानेच.

सरावासाठी एक लहान रेणू घे: एका CH ला एक सरळ प्रोपिल, एक इथिल आणि एक आयसोप्रोपिल जोडलेला. फाट्यावर उभं राहून मोजलंस तर तीन दिशांना ३, २ आणि २ येतात, म्हणजे साखळी सहाची आणि दोन प्रकारे. इथिलकडे वळलास तर एकच शाखा राहते, आयसोप्रोपिल. आयसोप्रोपिलकडे वळलास तर शाखा दोन होतात आणि नाव येतं ३-इथिल-२-मिथिलहेक्झेन. यात इथिल तिसऱ्या कार्बनवर आहे आणि त्याच्या अलीकडे दोनच कार्बन उरतात. वरची खूण इथेही लागू पडते, आणि अलीकडच्या त्या दोन कार्बनांपैकी एकावर मिथिल असल्याने साखळी बरोबर निवडली गेली आहे.